चार दिवस म्हणजे किती दिवस?

बॅक ट्रान्सलेशन मूळ इंग्रजीशी शब्दाला शब्द जुळून आलं की मला अजून लहान मुलीसारखा आनंद होतो. मूळ इंग्रजी, माझं मराठी आणि परत आलेलं इंग्रजी असे तीन रकाने मी मीटिंगमध्ये पडद्यावर लावायचे आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तसेच राहू द्यायचे. कुणी 'वा' म्हटलं की 'टीमचं काम आहे' म्हणायचं आणि मनात म्हणायचं, टीमचं कसलं, माझं.

या आनंदाला तडा गेला तो 2019 च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या एका प्रीटेस्टमध्ये. पाणी ओसरून घरं कशीबशी उभी राहिली होती. लोकांच्या मनाची स्थिती मोजायला पीएचक्यू-9 घेतलं होतं. या क्षेत्रातल्या सगळ्यांना ते पाठ असतं. गेल्या दोन आठवड्यांतल्या त्रासाबद्दल नऊ प्रश्न. प्रत्येकाला चारच उत्तरं: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्य ते तीन गुण. एकूण सत्तावीस, आणि दहा किंवा त्याच्या वर गेलं की पुढे तपासणीची गरज. 'निम्म्याहून अधिक दिवस' हे माझं मराठी परत इंग्रजीत अगदी जसंच्या तसं आलं होतं. न येऊन काय करतं? उलट भाषांतर करणाऱ्यालाही पीएचक्यू-9 पाठ होतं.

ही अडचण जुनी आहे. बॅक ट्रान्सलेशनची पद्धत ज्यांच्यामुळे रूढ झाली त्या रिचर्ड ब्रिसलिन यांनी 1970 च्या लेखातच सांगून ठेवलंय की हुशार भाषांतरकार वाईट भाषांतरातूनही बरोबर अर्थ काढतो, आणि मग मधलं वाईट भाषांतर कुणाच्या नजरेलाच येत नाही. लेखाचा हवाला सगळे देतात, ही ओळ मात्र सोयीस्करपणे विसरतात.

तर प्रीटेस्ट. नमुन्याबाहेरचं, पण तसंच नदीकाठचं गाव. माझ्याबरोबर नव्याने लागलेली एक मुलगी होती, सीमेकडची. घरी कानडी, शाळा मराठी. एका काकींना तिने झोपेचा प्रश्न वाचून दाखवला. काकी म्हणाल्या, "झोप कसली बाई, डोळ्याला डोळा लागत न्हाई." चारही पर्याय पुन्हा वाचल्यावर त्यांनी 'जवळजवळ रोज' सांगितलं. तीन गुण. मी वहीत पुढच्या प्रश्नाची वेळ टिपायला घेतली.

मुलगी मात्र तिथंच थांबली. "काल रातच्याला लागली झोप?" काल लागली होती. "परवा?" परवाही. "बाजारच्या दिवशी?" त्या रात्री पाऊस होता, म्हणून उठून बसल्या होत्या. अशी ती एकेक रात्र मागे चालत गेली. बाजाराचा दिवस, पाहुणे आले ती रात्र, त्याच्या आधीचा बाजार. दोन बाजार मागे गेलं की चौदा रात्री होतात. वाईट रात्री निघाल्या पाच, आणि पाचही पावसाच्या. पत्र्यावर थेंब वाजायला लागले की काकी बॅटरी घेऊन पायरीपर्यंत जायच्या, पाणी आलंय का बघायला. पाच रात्री म्हणजे 'काही दिवस'. एक गुण.

काकी खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी दोन आठवड्यांबद्दल नाही, महापुरापासूनच्या सगळ्या काळाबद्दल सांगितलं होतं. उलटही घडलं. एका शेतकऱ्याने 'अजिबात नाही' म्हटलं आणि रात्री मोजल्या तर निम्म्याहून अधिक मोडलेल्या. शेतीची लाइट त्या दिवसांत रात्रीची होती, पहाटे तीनला उठून मोटार चालू करायला जायचं. त्याच्या लेखी ती झोपमोड नव्हे, ते काम. आणि खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर होतं. हा प्रश्न नैराश्यासाठी आहे, वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकासाठी नाही. म्हणजे मोजून आकडा नेमका आला आणि अर्थ मात्र हातचा गेला.

तेव्हापासून मी या एकाच गोष्टीला धरून बसले आहे, घरचे कंटाळलेत. आपल्याकडे दिवसांचे काही आकडे आकडे नसतातच. 'चार दिवस ताप होता' याचा अर्थ थोडे दिवस. 'आठ दिवसांनी ये' म्हणजे आठवड्याने. 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे, आणि कोणी वरिष्ठ 'चौदा का नाही' असं विचारतं तेव्हा त्यांना समजावणं कठीण जातं. सर्वेक्षणाची माहिती हाती आली की मी आधी 'किती दिवस' या प्रश्नाचा तक्ता काढते. चार, आठ आणि पंधरावर डोंगर, आणि सहा, नऊ, अकरावर जवळजवळ काहीच नाही, असं दिसलं की समजायचं, आपण दिवस विचारले आणि लोकांनी बोलीतली मापं दिली. सीमेवर त्यात आणखी एक भर. कानडीत 'वार' म्हणजे आठवडा, आपल्याकडे 'वार' म्हणजे सोमवार-मंगळवार. दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरात 'दोन वार' असं उत्तर आलं तर ते चौदा दिवस की दोन, हे फॉर्मवर टिक करणाऱ्या मुलीलाच कळू शकतं, आणि कळलं तरी ते लिहायला फॉर्मवर जागा नसते.

जागा नसते, कारण फॉर्म आता टॅबवर असतो. कागदाच्या काळात मुली समासात लिहायच्या: 'बाई हसल्या', 'नवऱ्याने उत्तर दिलं', 'प्रश्न तीनदा वाचला'. प्रीटेस्टचा खरा माल त्या समासात असायचा. आता काही एजन्सी कार्यालयातल्याच मंडळींना एकमेकांच्या मुलाखती घ्यायला लावतात, सरासरी वेळ काढतात आणि अहवालात 'प्रीटेस्ट पूर्ण' लिहितात. प्रश्न किती मिनिटांत संपतो हे त्यातून कळतं. ऐकणाऱ्याने काय ऐकलं, ते नाही. त्यासाठी उत्तर आल्यावर 'निम्म्याहून अधिक म्हणालात, म्हणजे किती रात्री धरल्या?' असं विचारावं लागतं. एकाच पर्यायाखाली एक जण तीन आणि दुसरा बारा म्हणाला, की तो पर्याय मोडलेला आहे. भाषांतर कितीही देखणं असो.

मग रात्री मोजतच का विचारू नये? मुलीचा हाच प्रश्न होता, आणि तिच्याशी मी बरंच भांडले. नऊ प्रश्न असे विचारायचे तर मुलाखत कुठल्या कुठे लांबते. आठवड्यापलीकडची रात्र आठवणं म्हणजे निम्मा अंदाजच. 'कामात रस वाटत नाही' हे रात्रीसारखं मोजता येत नाही. शेवटचा, जगणं नको वाटण्याचा प्रश्न तर बाजाराच्या हिशेबाने विचारायचा नसतोच. तो सरळ विचारायचा आणि 'हो' आलं तर माणसाला तिथंच कुणाच्या तरी हाती सोपवायचं. सगळ्यात मोठी अडचण अशी की दहाची रेषा लोकांनी अंदाजाने दिलेल्या उत्तरांवर आखलेली आहे. मी मोजून गुण दिले तर ती रेषा माझी राहत नाही. इतर ठिकाणच्या आकड्यांशी तुलनाही गेली.

शेवटी वाक्य मूळचंच ठेवलं. झोप आणि भूक, एवढ्या दोनच प्रश्नांखाली एक चौकट घातली. मूळ उत्तर नोंदल्यावर दोन बाजार मागे जाऊन रात्री किंवा वेळा मोजायच्या, आकडा वेगळा लिहायचा, गुणांना हात लावायचा नाही, आणि कारण एका शब्दात: पाऊस, लाइट, दुखणं, काळजी. प्रकल्पाच्या समीक्षकाने कळवलं की चौकटीमुळे साधन प्रमाणित राहत नाही, ती काढावी. मी उत्तरात ब्रिसलिनची ती ओळ पाठवली, जरा टोमण्यासकट. चौकट आहे. ती कुणाची कल्पना म्हणून विचारलं तर मी अजून 'आमची' म्हणते, त्या मुलीसमोरसुद्धा.