बाळाची टाळू काय सांगते?

तान्ह्या बाळाला तेल लावताना, न्हाऊ घालताना घरातील आजीचा हात सर्वांत आधी टाळूवर जातो. त्यामुळे तिथला बदलही बहुधा तिलाच प्रथम कळतो. तो कसा वाचावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

डोक्याची हाडे जन्मतः एकमेकांना जुळलेली नसतात. कपाळाच्या वर त्यांच्यामध्ये जी मऊ जागा राहते, ती टाळू. ती साधारणपणे एक ते दीड वर्षाच्या सुमारास भरून येते. काही बाळांत थोडी आधी, काहींत दोन वर्षांपर्यंत. तिथे हाड नसते, जाड पडदा असतो. म्हणून आतील दाब वाढला की ती वर येते आणि शरीरातील पाणी कमी झाले की खाली जाते.

टाळू पाहायची ती बाळ शांत असताना, त्याला मांडीवर उभे धरून. रडताना किंवा आडवे असताना ती निरोगी बाळाचीही थोडी फुगलेली भासते. उभे धरल्यावर ती सपाट किंवा किंचित खोलगट असावी. नाडीबरोबर ती हलकेच उडते, त्यात काळजीचे काही नाही. बोटांच्या टोकांनी अलगद स्पर्श करावा, दाबू नये.

आता खोल गेलेल्या टाळूचे एक उदाहरण पाहू. सात महिन्यांचे, सात किलो वजनाचे एक बाळ माझ्याकडे आणले होते. आदल्या दिवसापासून जुलाब आणि दोन उलट्या. आजीने टाळू खोल गेलेली पाहून तेलाने भरली होती. पण टाळू भरल्याने शरीरातील पाणी भरून येत नाही. बाळ चिडचिडे होते, डोळे आत गेले होते, सकाळपासून लघवी झालेली नव्हती आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू पूर्ववत होत होती. मात्र ते शुद्धीवर होते आणि हावरेपणाने पीत होते, म्हणून सलाईनची गरज नव्हती. अशा वेळी चार तासांत दर किलोमागे ७५ मिलिलिटर जलसंजीवनी द्यायची असते. या बाळासाठी ती ५२५ मिलिलिटर झाली. दर दोन मिनिटांनी एक चमचा, असे आईने माझ्यासमोर पाजले. उलटी झाली तेव्हा दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू केले. अंगावरचे दूधही चालूच ठेवले. चार तासांनी लघवी झाली, डोळे तरतरीत दिसू लागले आणि टाळू जवळजवळ सपाट झाली. घरी जाताना प्रत्येक जुलाबानंतर १० ते २० चमचे जलसंजीवनी आणि १४ दिवस झिंक सांगितले.

जलसंजीवनीची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यातच पूर्ण विरघळवावी. कमी पाण्यात केली तर क्षार जास्त होऊन अपाय होतो. वर साखर घालू नये. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. बाळ मलूल पडले, पिईना किंवा प्रत्येक घोट उलटून टाकू लागले, तर मात्र चमचा बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

फुगलेल्या टाळूची गोष्ट वेगळी. बाळ शांत आहे, उभे धरले आहे, तरीही टाळू वर आलेली आणि ताणलेली लागते, तेव्हा आतला दाब वाढलेला असू शकतो. सोबत ताप, वारंवार उलट्या, झटके, सुस्ती किंवा उचलताच वाढणारे रडणे असेल, तर मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची, म्हणजे मेंदूज्वराची शंका घ्यावी लागते. डोक्याला मार लागल्यानंतर टाळू फुगली, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. ताप नसून डोके भराभर मोठे होत असेल आणि बाळाची नजर खाली झुकलेली राहत असेल, तर मेंदूतील पाणी साचत असल्याची शक्यता असते. यांवर घरी करण्यासारखे काही नाही. सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी बालरोगतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. मेंदूज्वर झालेल्या प्रत्येक बाळाची टाळू फुगतेच असे नाही; उलट्यांनी पाणी कमी झाले असेल तर दाब असूनही ती सपाट राहू शकते. तसेच सुरुवातीच्या थोड्या पाणीतुटीत ती खोल गेलेली नसते. म्हणून टाळू ठीक आहे, पण बाळ दूध ओढत नाही, झोपेतून नीट जागे होत नाही किंवा तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आहे, अशा वेळी टाळूवर भिस्त न ठेवता त्याच दिवशी, त्याच वेळी डॉक्टरांना दाखवावे.