राखेचा थर नको म्हणून

गेल्या चैत्रात आईच्या गालांवरचा वांग पुन्हा गडद झालेला दिसला. "क्रीम लावतेस ना?" मी विचारले. "लावते की," ती म्हणाली. कपाटातील ट्यूब मात्र चार महिन्यांनंतरही जवळपास भरलेली होती. खोदून विचारल्यावर ती पुटपुटली, "लावून देवळात गेले, तर शेजारीण म्हणाली, राख फासून आलात का?" ती ट्यूब मीच आणली होती.

आईचा वर्ण गडद सावळा आहे आणि त्या क्रीममध्ये झिंक ऑक्साइड भरपूर होते. हे द्रव्य मुळातच पांढरे. सावळ्या कातडीवर त्याचा थर बसला की राखाडी छटा उमटते. ती दिसू नये म्हणून माणसे अगदी थोडे क्रीम चोळतात, आणि मग वेष्टनावर लिहिलेले संरक्षण मिळत नाही. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा लागतात.

मग मी जेल आणले. बहुतेक जेलमध्ये अतिनील किरण शोषणारी, रंग न दिसणारी द्रव्ये असतात. त्यामुळे चेहरा करडा पडत नाही. वांग नसलेल्या सावळ्या व्यक्तीला ते पुरेसे आहे. मात्र काही जेलमध्ये अल्कोहोल असते आणि वृद्धांच्या कोरड्या त्वचेला ते झोंबते. आईलाही झोंबले, आधी साधे मॉइश्चरायझर लावल्यावर ते थांबले. वांग मात्र फिका होईना.

याचे कारण साध्या उजेडात होते. सावळ्या त्वचेवरील वांग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो. हा प्रकाश खिडकीच्या काचेतून आत येतो आणि साधे जेल तो अडवत नाही. आई तर रोज सकाळी खिडकीशी बसून भाजी निवडते! हा प्रकाश अडवते ते आयर्न ऑक्साइड, म्हणजे टिंटेड सनस्क्रीनला तपकिरी रंग देणारे द्रव्य. घटकांच्या यादीत हे नाव किंवा ७७४९१, ७७४९२, ७७४९९ यांपैकी क्रमांक शोधावेत.

तरीही पहिली टिंटेड ट्यूब फसली. 'सर्वांना चालणारी' म्हटलेली तिची छटा गोऱ्या वर्णाला साजेशी होती. आईच्या चेहऱ्यावर ती पुन्हा करडीच दिसली. दुसऱ्या वेळी मी आईलाच दुकानात नेले. जबड्याच्या कडेला नेहमीच्या जाडीने गडद छटा लावली, दहा मिनिटे थांबलो आणि दुकानाबाहेर उजेडात पाहिले. गाल आणि मान यांत फरक दिसला नाही.

आता ती सकाळी लावते, उन्हात जायचे असल्यास दर दोन तासांनी पुन्हा. वांग पूर्ण गेलेला नाही, पण कडा फिकट झाल्या आहेत. तिची तक्रार आता एवढीच, की पांढऱ्या साडीच्या पदराला तपकिरी डाग पडतात आणि ते धुण्याचे काम डॉक्टरांनी करावे.