खातेवहीतून निघालेलं आमंत्रण

आमच्या काकांच्या कापडदुकानाचा वर्धापनदिन गुढीपाडव्याला असे. पेढ्यांना आणि व्यापाऱ्यांना छापील कार्डं जात. पाकीट चिकटवायचं नाही, झडप नुसती आत खोचायची आणि वर ‘बुक पोस्ट’ लिहायचं, म्हणजे टपालखर्च कमी. रोजच्या गिऱ्हाइकांना मात्र काका स्वतः पोस्टकार्ड लिहीत, आणि लिहिताना शेजारी खातेवही उघडी असे.

एक पत्र अजून आठवतं: ‘सौ. वहिनींस सा. न. वि. वि. मार्गशीर्षात लेकीच्या लग्नाची खरेदी आपण आमच्याकडे केलीत. ती जांभळी पैठणी सासरच्यांना आवडली का, ते ऐकायचे आहे. पाडव्याला सायंकाळी ५ ते ८ दुकानात पानसुपारी आहे. लेक माहेरी आली असेल तर तिलाही आणावे. लोभ आहेच, तो वाढावा.’

सायंकाळच का, तर सकाळी ज्याच्या-त्याच्या घरी गुढी. कार्डाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लागे. पण ज्या घरात वर्षभरात दुःख घडलं असेल तिथे कार्ड जात नसे, काका स्वतः जाऊन बसून येत. उधारीचा शब्दही पत्रात नसे. आमंत्रणात बाकी काढली, की गिऱ्हाईक पानसुपारीलाही येत नाही आणि बाकी द्यायलाही, असं ते सांगत.

आता दुकान चुलतभाऊ बघतो. मध्ये काही वर्षं व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकच मजकूर जायचा: ‘सर्व ग्राहकांना सस्नेह निमंत्रण’, आणि खाली सवलतीचा आकडा. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावं बसतात; पण ज्यांनी दुकानाचा नंबर फोनमध्ये जतन केलेला नाही त्यांना तो निरोप पोचतच नाही. ज्यांना पोचतो, ते सवलत वाचतात आणि खरेदीला कधीतरी सवडीने येतात. गप्पा मारायला कोणी येत नाही.

खरं तर खातेवही गेलेली नाही, ती संगणकात आहे. नाव, तारीख, काय घेतलं, सगळं बिलात असतं. म्हणून गेल्या पाडव्याला आम्ही वर्षभरातली लग्नामुंजीची बिलं काढली आणि त्या घरांना एकेक निरोप वेगळा लिहिला. खरेदीचा आकडा लिहायचा नाही, कपड्याचं माप लिहायचं नाही, नाव दोनदा तपासायचं, आणि नक्की आठवत नसेल ते लिहायचंच नाही, एवढी पथ्यं पाळली. बाकीच्यांना साधा निरोप गेला, पण सवलतीशिवाय. सगळ्यांना स्वतंत्र लिहिणं काकांनाही जमत नव्हतंच.

एका बाईंना लिहिलं होतं, ‘नातवाच्या मुंजीचं सोवळं त्याला लांब तर झालं नाही ना?’ थोड्याच वेळात उत्तर आलं: ‘झालं होतं, दुमडून नेसवलं. पाडव्याला बटूलाच घेऊन येते, बघा तुम्हीच.’ छापील मजकुराला असं उत्तर कधी आलं नव्हतं.