कड बघ, कड!

काही दुखणी अशी असतात की त्यांची चर्चा कँटीनमध्ये होत नाही. पाठदुखी, ऍसिडिटी, मायग्रेन हे सगळे स्टेटसवाले आजार. जांघेतली खाज मात्र आपली आपण, खुर्चीत अंमळ सरकून, कुणी बघत नाही ना याचा अंदाज घेत भागवायची. आणि अगदीच असह्य झालं की ऑफिस सुटल्यावर मेडिकलवाल्याला आवाज खाली करून सांगायचं, 'भाऊ, ते... इचिंगवालं काहीतरी द्या ना.' तो काहीही न विचारता एक ट्यूब कागदात गुंडाळून देतो. तुम्ही खूश, तो खूश, आणि बुरशी तर भलतीच खूश.

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटवर जुलैच्या एकाच पंधरवड्यात दोघांना हा लोच्या झाला. एक मी, दुसरा माझा रूममेट. दोघांची जांघ लाल, दोघांना जिम, लोकल आणि न वाळलेल्या जीन्सचा सहवास. त्याने ट्यूब आणली होती आणि 'तूही लाव, दोन दिवसांत मस्त वाटतं' असा प्रेमळ आग्रह चालवला होता. मी म्हटलं, आधी डॉक्टरला दाखवतो. त्यालाही ओढत नेलं.

स्किनच्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बोलायला एकदम रोखठोक. माझा संकोच त्यांनी अर्ध्या मिनिटात मोडून काढला. 'रोज वीस जांघा बघते मी. चल, दाखव.' मग भिंग घेऊन त्या लालीच्या मध्यभागी नाही, तर ती जिथे संपते तिथे बघत बसल्या. म्हणाल्या, 'सगळी गोष्ट कडेला लिहिलेली असते.'

माझ्या लालीला कडच नव्हती. दोन्ही मांड्या जिथे एकमेकींना घासतात, बरोबर तेवढीच जागा, दोन्हीकडे आरशातल्या प्रतिमेसारखी लाल. बाहेरच्या बाजूला रंग हळूहळू फिका होत साध्या कातडीत मिसळलेला. खाजेपेक्षा चुरचुर जास्त, तीही चालल्यावर वाढणारी. हे नुसतं घर्षण, घाम आणि टाइट जीन्स. औषधही तितकंच साधं: जागा कोरडी ठेवायची, मांडीपर्यंत येणारी सैल सुती अंडरवेअर घालायची आणि वर झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा थर द्यायचा. आठवड्यात साफ.

रूममेटचं प्रकरण वेगळं होतं. खऱ्या गजकर्णाची कड नकाशावरच्या किनाऱ्यासारखी असते: कमानदार, किंचित उचललेली, तिच्यावर बारीक पापुद्रे. बुरशी कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन खात बाहेर सरकते, म्हणून लढाई कडेवर पेटलेली असते आणि मधला भाग निवळत जातो. चट्टा घडीतून मांडीवर उतरतो, पण वृषणांची पिशवी बहुतेक वेळा सोडून देतो.

त्याच्या मांडीवर मात्र असा छापील नमुना नव्हता. अर्धी कड पुसलेली, मध्येच दुसऱ्या कडेचा तुकडा, मधली कातडी पातळ आणि तिच्यावर गरोदरपणात पोटावर पडतात तशा दोन-तीन रेषा. डॉक्टरबाईंनी विचारलं, 'ट्यूब कुठली?' त्याने खिशातून काढून दाखवली. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल, म्हणजे अतिशय जहाल स्टेरॉइड. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, म्हणून दोन दिवसांत मस्त वाटतं. पण लाली म्हणजे शरीराची बुरशीशी चाललेली मारामारी. तीच थांबवली की बुरशी निवांत पसरते, आणि डॉक्टर जिच्यावरून ओळखणार ती कडच गायब होते. क्लोबेटासोलसारखी स्टेरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ साली केला. आता तो काउंटरवर किती पाळला जातो, ते आपण सगळे जाणतोच.

मग त्यांनी एका बोथट पात्याने कडेच्या उरलेल्या तुकड्यावरचे पापुद्रे खरवडले. मधून नाही, कारण मध्ये बुरशी कमी सापडते. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, कातडीच्या पेशी विरघळायला पंधरा मिनिटं दिली आणि सूक्ष्मदर्शकाखाली रूममेटलाच बोलावलं. लांब, फांद्या फुटलेले, मध्येमध्ये पडदे असलेले धागे. तो गप्पच झाला. परतीच्या लोकलमध्ये एवढंच म्हणाला, 'साल्या, शेती चाललेली माझ्यावर!'

या धाग्यांऐवजी गोल, कोंब फुटलेल्या पेशी दिसल्या असत्या तर ते तिसरं प्रकरण, कॅन्डिडा नावाच्या यीस्टचं. ते मी नंतर ठाण्याच्या मावशीकडे पाहिलं, म्हणजे तिने फोनवर वर्णन केलं आणि मीही तिला त्याच डॉक्टरबाईंकडे पाठवलं. स्तनाखाली आणि जांघेत लालभडक, ओलसर, सोललेल्यासारखी कातडी, घडीच्या तळाशी चीर. मुख्य चट्ट्याबाहेर, चांगल्या कातडीवर, ग्रहाभोवती उपग्रह असावेत तशा बारीक पुटकुळ्या. खाजेच्या जोडीला आग. पुरुषांमध्ये हे यीस्ट वृषणांच्या पिशवीलाही सोडत नाही. डॉक्टरबाईंनी क्रीमच्या आधी साखर तपासायला सांगितली. मावशीला डायबेटिस आहे हे तिला माहीत होतं, तो किती वर गेलाय हे तेव्हा कळलं.

मी विचारलं होतं, क्लोट्रिमॅझोलसारखं क्रीम गजकर्ण आणि यीस्ट दोन्हींवर चालतं, मग एवढी चिरफाड कशाला? त्यांचं उत्तर पटलं. माझ्यासारख्या नुसत्या घर्षणाला बुरशीच्या औषधाची गरजच नाही. टर्बिनाफिनची गोळी त्वचेवरच्या यीस्टवर फारशी चालत नाही. आणि यीस्ट असेल तर त्यामागची साखर शोधायला हवी, नाहीतर ते परत येणारच. शिवाय धारदार कड म्हणजे गजकर्णच असंही नाही. घडीतल्या सोरायसिसची कडही स्पष्ट असते, पण तो चट्टा सगळीकडे सारखाच लाल आणि गुळगुळीत, मध्ये निवळलेला नाही. तपकिरी, फारसा न खाजणारा चट्टा जंतूंचा असू शकतो. खास दिव्याखाली तो पोवळ्यासारखा चमकतो.

रूममेटची ट्यूब बंद झाली. पहिले काही दिवस खाज उसळून आली, पण तशी येईल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत जी बुरशी पसरलीय ती बऱ्याचदा टर्बिनाफिनला दाद देत नाही, म्हणून त्याला इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या, त्याही लिव्हरची तपासणी करून. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची आणि सोबत ऍसिडिटीची गोळी नाही, कारण पोटात आम्ल कमी असेल तर औषध नीट शोषलंच जात नाही. आमच्या नाइट शिफ्टवाल्याला हेच सगळ्यात जड गेलं. क्रीम चट्ट्यावर आणि कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, आणि कातडी साफ दिसल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. सगळं निवळायला सात आठवडे लागले. त्या रेषा राहिल्याच.

जाता जाता डॉक्टरबाईंनी त्याला बूट काढायला लावले. बोटांच्या बेचक्यात पांढरी, सुटलेली कातडी: मूळ वस्ती तिथेच होती. अंडरवेअर पायातून वर चढवताना बुरशीही जांघेत पोचत होती. तेव्हापासून तो आधी मोजे घालतो, मग अंडरवेअर. सकाळी त्या अवतारात तो हॉलमधून फिरतो तेव्हा आम्ही पेपरात तोंड खुपसतो. टॉवेल मात्र आता तिघांचे तीन वेगळे आहेत.