घरची बाटली

"ठिबकच्या तोट्या पांढऱ्या होऊन बुजतात, पाणी तपास जरा," असं बाबांनी सांगितलं, म्हणून दिवाळीनंतर हॉस्टेलला येताना वसमतकडच्या आमच्या बोअरचं पाणी मी बाटलीत आणलं.

पंधरा दिवसांनी लॅबमध्ये १०० मिली घेतलं. फिनॉल्फ्थॅलीन टाकताच गुलाबी! एन/५० सल्फ्युरिक आम्ल १ मिली पडलं नि रंग गेला. मिथिल ऑरेंज टाकलं. एकूण ३० मिलीला पिवळ्याचं नारिंगी झालं.

पहिल्या टप्प्यात कार्बोनेटचं नुसतं बायकार्बोनेट होतं, म्हणजे काम निम्मंच. म्हणून कार्बोनेटचे २ मिली, बाकी २८ बायकार्बोनेटचे. १ मिलीला लिटरमागे १० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने.

सरांनी वही बघून विचारलं, "बाटली कुठं होती?" खिडकीत, अर्धी, बिनबुचाची! तळाला पांढरा थर.

पुढच्या खेपेला काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून आणली नि त्याच दिवशी तपासली. गुलाबी छटा नाहीच. एकूण ३६ मिली, सगळं बायकार्बोनेट. उघड्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड उडाला, थोडं कार्बोनेट झालं आणि गायब झालेले ६ मिली चुना होऊन तळाशी बसले होते.

बाबांना फोन केला, "बोअरमध्ये कार्बोनेट नाही. हवा लागली की तोटीच्या तोंडाशीच तयार होतं."