अनुभव : नाही

संपादक म्हणाले, आयटीआय झालेल्या मुलांच्या पहिल्या बायोडाटावर लिहा, पण फार तांत्रिक नको. बघतो. टूलरूमसाठी माणसं निवडताना माझ्यापुढे जे कागद येतात, त्यांत प्रत्येक मुलगा प्रामाणिक आणि कष्टाळू असतो. हातानं काय केलं, तेवढं नसतं.

मध्यंतरी एका फिटरचा कागद आला. ‘अनुभव : नाही.’ वर शिक्षणात, दहावीच्या टक्क्यांखाली, वर्षभराची अप्रेंटिसशिप एका ओळीत उरकलेली. एचआरनं तो बाजूला काढला होता. त्यांचं म्हणणं, १९६१ च्या कायद्यात अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. मग अनुभव कसला? या वादात मी केस पांढरे केलेत. कायदा त्याचं कंपनीशी नातं ठरवतो, हाताला काय येतं ते नाही. म्हणून मी सांगतो, अप्रेंटिसशिप ना शिक्षणात घाला, ना नोकरीत. तिला वेगळा मथळा द्या आणि खाली विभाग, महिने, मशीन लिहा.

मुलाला बोलावलं. वर्षभर काय केलंस? “सर, फिक्श्चरच्या प्लेटा.” खोदून विचारल्यावर कळलं, त्यांत २५ मिलिमीटरची भोकं असायची, एच ७ मध्ये. आता तांत्रिक व्हावंच लागेल. एच ७ म्हणजे हे भोक २५ पेक्षा लहान चालत नाही आणि मोठं झालंच तर २१ मायक्रॉनपर्यंत. केसाच्या जाडीहून कमी. तो आधी २४.७५ चा ड्रिल मारायचा, मग मशीन रीमर चालवायचा, शेवटी प्लग गेज. ‘गो’ टोक आत जायला हवं, ‘नो-गो’ अडायला हवं. बाहेर काढताना रीमर उलटा फिरवायचास? “नाही सर, धार जाते.”

यातलं अक्षरही कागदावर नव्हतं. होतं ते ‘हाताळलेली साधने : व्हर्नियर, मायक्रोमीटर’. नेहमीचा व्हर्नियर ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन वाचतो. सगळी सूटच २१ ची असताना त्यानं हे भोक तपासणार कसं? व्हर्नियरनं एच ७ तपासल्याचं कुणी लिहिलं, की ओळ दुसऱ्याची उचललीय हे मी ओळखतो. साधनाचं नाव कामाला जोडूनच लिहावं. त्या मुलाकडून मी तिथंच लिहून घेतलं : ‘फिक्श्चर प्लेट, माइल्ड स्टील, २५ एच ७ भोकं ड्रिल व रीम केली, प्लग गेजनं तपासणी, ड्रॉइंग स्वतः वाचलं.’

एचआरच्या फॉर्मवर त्याच्या अनुभवाच्या रकान्यात अजून शून्यच आहे; तो फॉर्म माझ्या हातात नाही. आणि ही ओळही उद्या शंभर बायोडाटांत उतरेल. रीमरचा प्रश्न मी इथं छापून बसलो, आता नवा शोधणं आलं.