अम्मींची गाडी आणि आमचा हिशेब

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे अम्मींचं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. रिक्षाने जायचं, चार तास पडून राहायचं आणि थकलेल्या अंगाने खड्ड्यांतून परत यायचं. एकदा परतताना त्यांना रिक्षातच उलट्या झाल्या. त्या रात्री आमचे हे म्हणाले, "आता गाडी घ्यायचीच."

आमच्याकडे 5 लाख जमले होते. पसंत पडलेली नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत 8 लाखांना पडत होती. शोरूमवाल्याने लगेच कागद मांडला. 2 लाख आता भरा, 6 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता 12,455 रुपये. पाच वर्षांत परतफेड होणार होती 7 लाख 47 हजार, म्हणजे व्याजच जवळजवळ दीड लाख.

व्याजाच्या वाटेला जायचं नाही, हे आमच्या घरी आधीपासून ठरलेलं आहे. पण पुण्यात नोकरी करणारा पुतण्या म्हणाला, "चाची, मसल्याचं जाऊ द्या, हिशेबाने बघा. कर्ज 9 टक्क्यांनी मिळतंय. तुमचे उरलेले 3 लाख शरियतच्या निकषांवर शेअर निवडणाऱ्या फंडात ठेवा, 12 टक्के सुटतील. वर 3 टक्के नफाच!"

मी रात्री वही घेऊन बसले. आपल्या परहेजापायी अम्मींचे हाल होतात का, हा प्रश्न मला छळत होता.

पहिली गोष्ट दिसली ती अशी. व्याज लागणार 6 लाखांवर आणि कमाई होणार 3 लाखांवर. पहिल्या वर्षी व्याज सुमारे 50 हजार जातं आणि फंडाने खरोखर 12 टक्के दिले तरी 36 हजारच येतात. गाडीची सगळी किंमत हातात असून कर्ज काढलं, तरच पुतण्याचा 3 टक्क्यांचा हिशेब लागू पडतो. दुसरी गोष्ट, 9 टक्के ठरलेले असतात, 12 टक्के नसतात. मार्च 2020 मध्ये निफ्टी दोनच महिन्यांपूर्वीच्या उच्चांकावरून एक तृतीयांशाहून जास्त घसरला होता. अशा वेळी हप्ता काही थांबत नाही. मग पडलेल्या भावात फंड विकून तो भरावा लागतो.

पूर्ण 8 लाख रोख द्यायचे, तर थांबणं आलं. घरात आजारी माणूस आहे, म्हणून 1 लाख बाजूला ठेवायलाच हवा होता. उरले 4 लाख. महिन्याला 15 हजार शिल्लक पडत होते, म्हणजे अजून सव्वादोन वर्षं. आणि तोवर किंमतही वाढणार. अम्मींना एवढं थांबवणं मनाला पटेना.

मग प्रश्नच बदलला. अम्मींना नवी गाडी हवी होती की बिनधक्क्याचा प्रवास? गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त उतरते. ती घट दुसऱ्याने सोसलेली, चार वर्षं वापरलेली गाडी साडेचार लाखांच्या आसपास मिळत होती. त्यासाठी आठ महिने पुरेसे होते.

ते पैसे आम्ही शेअरच्या फंडात घातले नाहीत. वर्षाच्या आत लागणारी रक्कम तिथे ठेवली, तर नेमकी गरजेच्या दिवशी ती कमी भरू शकते. पैसे बँकेत ठेवले. खात्यावर जमलेलं व्याज सवाबाची नियत न ठेवता देऊन टाकलं. वापरातल्या गाडीवर जकात नसते, पण गाडीसाठी साठवलेल्या पैशावर असते; म्हणून मध्येच वर्ष भरलं तेव्हा जकातीचे सुमारे 15 हजार काढले. थांबण्याचा खर्चही वहीत लिहिला. रिक्षाचे महिन्याला साडेचार हजार, आठ महिन्यांचे 36 हजार. ज्या दिवशी अम्मींना फार थकवा असे, त्या दिवशी भाड्याची कार बोलावली. तेही धरून खर्च व्याजाच्या निम्म्यावरही गेला नाही.

गाडी घेताना ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेलं. पहिल्या गाडीच्या आरसी बुकावर बँकेचा बोजा अजून तसाच होता. मालक म्हणाला, कर्ज फिटलंय, पण बँकेचं नाहरकत पत्र त्याच्याकडे नव्हतं. ती आम्ही सोडली. दुसरी 4 लाख 60 हजारांना घेतली आणि आरसी व विमा दोन्ही लगेच आमच्या नावावर करून घेतले.

आता महिन्याच्या 15 हजारांतून पेट्रोल, विमा आणि दुरुस्तीसाठी 7 हजार काढतो. उरलेले 8 हजार पुतण्याच्याच त्या फंडात मुलीच्या शिक्षणासाठी जातात. तिला पैसे लागायला अजून दहा वर्षं आहेत. तिथे चढ-उतार सोसता येतो.

परवा डायलिसिसहून परतताना अम्मी मागच्या सीटवर झोपून गेल्या. घर आलं तरी मी त्यांना थोडा वेळ उठवलं नाही.